ड्युटी चार्टसाठी फॉर्म भरून घेताय? या चुका टाळा

तालुक्याच्या गावातला वीस खाटांचा खासगी दवाखाना आणि सात सिस्टर. सकाळची पाळी 8 ते 2, दुपारची 2 ते 8, रात्रीची 8 ते 8. सकाळी दोघी, दुपारी दोघी, रात्री एकटी. विदर्भातल्या कितीतरी दवाखान्यांचा कारभार थोड्याफार फरकाने असाच चालतो. चार्ट वहीत होता तोवर इन्चार्ज सिस्टरला सगळ्यांच्या अडचणी तोंडपाठ असायच्या. आता गुगल फॉर्म आला, पण कुरकूर थांबलेली नाही. बिघाड बहुतेक वेळा चार्टच्या आधी, प्रश्नातच झालेला असतो.

पहिली चूक म्हणजे "तुम्हाला कोणती ड्युटी पाहिजे?" असं मोघम विचारून उत्तरासाठी रिकामी चौकट ठेवणं. उत्तरं येतात ती अशी: "कोणतीही चालते", "नाइट नको", "मले सकाळचीच द्या". यातून मंगळवारी दुपारी कोण येऊ शकते, हे काही कळत नाही. शिवाय "नको" म्हणजे आवडत नाही की जमतच नाही, तेही समजत नाही. आमच्याकडे हा फरक फार मोठा आहे. जिच्या गावाला जाणारी शेवटची एसटी सातला सुटते, तिला आठला संपणारी दुपारची पाळी जमणारच नाही. दुसरीला दुपारची झोप मोडायची नाही. फॉर्ममध्ये दोघींचं उत्तर सारखंच दिसतं आणि चार्ट करणारा दोघींना सारखाच न्याय देतो.

म्हणून `Tick box grid` हा प्रश्नप्रकार घ्या. काही ठिकाणी तो `Checkbox grid` नावाने दिसतो. आडव्या ओळींत वार आणि तारीख दोन्ही लिहा. गुरुवारी फॉर्म उघडला तर "पुढचा सोमवार" कोणता, यावर हमखास घोळ होतो. उभ्या रकान्यांत सकाळ, दुपार, रात्र आणि चौथा "एकही नाही". प्रश्न एवढाच: या दिवशी कोणत्या पाळीला येऊ शकता? `Require a response in each row` चालू करा. चौथा रकाना नसेल तर ओळ कोरी राहते, आणि ती सुटी मागितली म्हणून कोरी आहे की घाईत सुटली, ते ओळखता येत नाही. खाली आणखी दोनच प्रश्न पुरे: न जमण्याचं कारण (एसटी, लहान मूल, शेतीचं काम, परीक्षा, नुसती आवड) आणि आठवड्यात किती रात्री चालतील. हा दुसरा प्रश्न का लागतो, ते पुढे येईलच.

नाव टाइप करायला सांगू नका. एकच बाई एकदा "सुनीता", एकदा "सुनिता ताई" होते आणि शीट तिला दोन माणसं समजते. नावांची ड्रॉपडाउन यादी द्या. `Limit to 1 response` मात्र बंदच ठेवा. त्याला गुगल खात्यातून लॉगिन लागतं, आणि खेड्यावरची सिस्टर पुष्कळदा नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या मोबाइलवरून फॉर्म भरते. कोणी दोनदा भरला तर शेवटचं उत्तर धरायचं. उत्तरांच्या शीटला "उत्तरे" असं नाव द्या आणि तिच्यात हाताने काही बदलू नका. दुसऱ्या शीटमध्ये A2 पासून खाली सात नावं लिहा आणि B2 मध्ये हे टाकून खाली ओढा:

```
=XLOOKUP(A2,'उत्तरे'!B:B,'उत्तरे'!C:I,"उत्तर नाही",0,-1)
```

उत्तरे शीटच्या B मध्ये नाव आणि C ते I मध्ये सात दिवस आहेत, असं इथे धरलं आहे. शेवटच्या -1 मुळे शोध खालून वर होतो, म्हणजे सर्वांत नवं उत्तर मिळतं. "उत्तर नाही" दिसलं की सरळ फोन करा. आता सोमवारी दुपारला किती जणी येऊ शकतात, ते मोजा:

```
=COUNTIF(B2:B8,"*दुपार*")
```

ताऱ्यांच्या खुणा विसरू नका, कारण एकाच चौकटीत "सकाळ, दुपार" असं एकत्र उत्तर येतं. याच कारणाने पर्यायांत "दुपार नको" असे शब्द ठेवायचे नाहीत. तेही मोजलं जाईल. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी आकडा 1 आला आणि लागतात दोघी, तर ही अडचण तारखेच्या आधीच बोलून सोडवता येते.

यानंतरची चूक मला सगळ्यांत महाग वाटते. आठवड्याचा हिशेब न मांडताच नावं भरायला घेतली जातात. वरच्या दवाखान्यात रोज पाच ड्युट्या, म्हणजे आठवड्याला 35. सात जणींना प्रत्येकी पाच: एक रात्र आणि चार दिवसाच्या. रात्रीनंतरचा दिवस मोकळा आणि एक साप्ताहिक सुटी. तास भरतात 36. कागदावर हे चोख बसतं.

आता फॉर्म सांगतो, की तिघी खेड्यावरून येतात आणि एसटीमुळे त्यांना दुपार जमत नाही. आठवड्यात दुपारच्या जागा 14. त्या सगळ्या गावातल्या चौघींवर येतात, आणि चौघींच्या मिळून दिवसाच्या ड्युट्या आहेत 16. म्हणजे अख्ख्या आठवड्यात चौघींत मिळून सकाळ फक्त दोनदा. "आम्हालेच कायले दुपार?" हा प्रश्न इथून येतो. इन्चार्ज पक्षपात करत नाही. गणितच तसं आहे.

इथे रात्रीचा तो प्रश्न उपयोगी पडतो. आठची रात्रपाळी सातच्या एसटीआधीच दवाखान्यात पोचून धरता येते आणि सकाळी परतीची गाडी मिळते. तिघींनी दोन-दोन रात्री मान्य केल्या तर त्यांच्या दोन रात्री आणि दोन सकाळी मिळून तेच 36 तास होतात. सातपैकी सहा रात्री भागल्या. गावातल्या चौघींकडे एकच रात्र आली आणि दिवसाच्या 22 ड्युट्या: दुपारच्या 14, सकाळच्या 8. दोनाच्या जागी आठ सकाळी, आणि तास सगळ्यांचे सारखे. ज्या आठवड्यात जिच्या वाट्याला ती एक रात्र येते, तिला दिवसाच्या चार, बाकी तिघींना सहा-सहा. ती रात्र पाळीपाळीने फिरवा. तिघींना दोन रात्री नको असतील तर पाळी बदलण्याची वेळच साडेसहा करता येते का, हे डॉक्टरांना विचारा. पण त्याआधी स्टँडवरचं वेळापत्रक पाहा.

कच्चा चार्ट भरताना सोमवारपासून सुरुवात करू नका. तसं केलं की कुठेही चालणारी सिस्टर मंगळवारपर्यंतच संपते आणि रविवारी जागा भरायला कोणी उरत नाही. आधी सगळ्या रात्री बसवा, त्यांच्यामागचा मोकळा दिवस लगेच खोडा, मग ज्या पाळीचा आकडा सर्वांत कमी आहे ती घ्या. आमच्या उदाहरणात ती दुपारच असते. सकाळ शेवटी, तिथे माणूस सहज मिळतो.

ग्रुपवर टाकताना चित्रावरच मोठ्या अक्षरात "कच्चा" आणि तारीख लिहा, हरकतीची मुदत द्या, उदाहरणार्थ शनिवार दुपारी दोन. मुदतीनंतर "पक्का" लिहिलेलं नवं चित्र पाठवा आणि जुनं ग्रुपवरून काढून टाका. तरीही एखादीच्या फोनमध्ये जुनंच उघडं राहतं, म्हणून पक्क्या चार्टची एक छापील प्रत सिस्टरांच्या टेबलावर लावा आणि पुढचे बदल पेनाने तिच्यावरच करून दोघींची सही घ्या.