नव्या भाडेकरूला स्वागताची चिठ्ठी लिहिताय? या चुका टाळा

आमची सोसायटी कर्वेनगरात, तीन मजली, लिफ्ट नाही. समोरच्या फ्लॅटचे मालक परगावी असतात, त्यामुळे दर ११ महिन्यांनी करार संपला की तिथली माणसं बदलण्याची शक्यता असते. आजवर मी अशा पाच-सहा चिठ्ठ्या लिहिल्या. पहिली लिहिली होती ती अशी: ‘आपले मनःपूर्वक स्वागत. काहीही लागलं तर निःसंकोच सांगा.’

त्या जोडप्याने काहीच सांगितलं नाही. आठवडाभर ते पिण्यासाठी वीस लिटरचे जार विकत आणत होते. आमच्या स्वयंपाकघरात सिंकवर दोन नळ आहेत. एकाला गच्चीवरच्या टाकीचं पाणी, त्यात बोअरचंही मिसळलेलं. दुसऱ्याला थेट कॉर्पोरेशनचं, पण ते सकाळी सहा ते आठच येतं. ती मंडळी उठायची साडेआठला, त्यामुळे तो नळ बिघडलाय अशीच त्यांची समजूत झाली होती.

म्हणून पहिली चूक हीच, ‘काही लागलं तर सांगा’. काय लागेल हे नव्या माणसाला ठाऊकच नसतं, आणि ठाऊक असलं तरी अनोळखी दाराची बेल कोण वाजवणार? त्यापेक्षा एखादी ठरावीक गोष्ट लिहा. ‘शनिवारी सकाळी मी मंडईत जाते, तुमची भाजी आणू का?’ याला हो किंवा नाही म्हणता येतं. ‘काहीही’ला माणूस नुसतं ‘थँक्यू’ म्हणतो आणि दार लावून घेतो.

पाण्याचं आणखी सांगायला हवं, कारण इथे मी दुसऱ्यांदा चुकले. पुढच्या भाडेकरूला वेळ लिहून दिली, पण गुरुवारचं लिहिलं नाही. महापालिकेची दुरुस्तीची कामं बहुतेक गुरुवारी निघतात. त्या दिवशी पाणी बंद असतं आणि नोटिशीत ठरलेलं वाक्य असतं: शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. तो मुलगा शुक्रवारी लवकर उठला, कॉर्पोरेशनचा नळ सोडला, नुसतीच हवा आली. नळ तसाच उघडा ठेवून तो ऑफिसला गेला. सिंकमध्ये रात्रीची भांडी, जाळीवर पोह्यांचा थर. पाणी आलं साडेनऊला. दहा वाजता त्यांच्या उंबऱ्याखालून धार निघून जिन्याच्या पायऱ्या उतरायला लागली. मी धावत गच्चीवर गेले आणि त्यांच्या लाइनचा कॉक बंद केला. धार तशीच! गच्चीवरचा कॉक टाकीच्या पाण्याचा, कॉर्पोरेशनचा खाली पार्किंगच्या डक्टमध्ये. तो सापडेपर्यंत आतली गादी भिजली होती. तेव्हापासून माझ्या चिठ्ठीत पाण्याच्या वेळेखाली दोन गोष्टी असतातच: पाणी नसेल तेव्हा नळ बंद आहे ना ते बघा, आणि कुठला कॉक कुठे आहे. तुमच्या इमारतीत हे वेगळं असेल. लिहिण्याआधी एकदा जाऊन स्वतः कॉक फिरवून बघा. आमच्याकडे सेक्रेटरींनीही मला चुकीचा दाखवला होता.

दुसरी चूक आपल्या पुण्याचीच म्हणायची. हातात पेन आलं की चिठ्ठीची पाटी होते. ‘जिन्यात चपला ठेवू नयेत. दुपारी १ ते ४ ठोकाठोक करू नये.’ मी स्वतः दुपारी झोपते, तरी सांगते, पहिल्या चिठ्ठीत हे नको. नियम सांगायला सोसायटी आहे. कचऱ्याचं मात्र लिहावं लागतं, कारण सामान लावताना खोक्यांचा ढीग होतो आणि माणूस तो जिन्यात रचतो. पण तेही मनाई न करता सांगता येतं. आमच्याकडे ‘स्वच्छ’च्या ताई साडेआठला येतात. ओला आणि सुका कचरा वेगळा लागतो. खोकी सपाट करून दिली तर त्या घेऊन जातात, आणि त्या भंगाराचे पैसे त्यांनाच मिळतात. एवढं कळलं की कुणी खोकी जिन्यात टाकत नाही.

तिसरी चूक, झेपणार नाही ते कबूल करणं. ‘तुमचा सिलेंडर आला तर घेऊन ठेवीन’ असं मी एकदा लिहून बसले. सिलेंडर देताना ज्या मोबाइलवरून नोंदणी असते त्यावर आलेला कोड सांगावा लागतो. तो मुलगा मीटिंगमध्ये, फोन बंद, आणि गाडी सिलेंडर घेऊन परत. आता मी लिहिते, ‘कोड आधी मला पाठवून ठेवलात तर घेईन.’ कुरिअर घेते, पण पैसे देऊन सोडवायचं पार्सल नाही. आपण घरी कधी असतो तेही लिहावं, म्हणजे बेल वाजवताना समोरच्याला अवघडत नाही. घराची किल्ली ठेवून घेण्याचं पहिल्या आठवड्यात मी आपणहून सुचवत नाही. त्यांनी विचारलं तर गोष्ट वेगळी.

कामवाल्या मावशींचा नंबर परस्पर चिठ्ठीत घालू नका. आधी त्यांना विचारा, त्यांना आणखी एक घर धरायचं आहे का ते कळू दे. आणि ‘दोघंच का? नोकरी कुठे?’ असले प्रश्न तर नकोतच, त्याने स्वागताची चौकशी होते.

चिठ्ठी दाराखालून सरकवणंही मी सोडलं. सामान येतं त्या दिवशी दार उघडंच असतं, कागद हमालांच्या पायांखाली जातो नाहीतर खोक्यांबरोबर भंगारात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा थर्मास घेऊन जाते आणि हातात देते. थर्मास परत करायला ते येतातच, तेव्हा अर्धं बोलणं आपोआप होतं.

गेल्या महिन्यात नांदेडहून आलेल्या जोडप्याला दिलेली चिठ्ठी ही:

‘नमस्कार. मी समोर राहते. तुमच्या सिंकवरचा डावीकडचा नळ पिण्याच्या पाण्याचा, सकाळी ६ ते ८. गुरुवारी कधीकधी बंद असतं, मग शुक्रवारी उशिरा येतं. पाणी नसताना नळ उघडा राहिला तर घरात पाणी होतं. त्याचा कॉक पार्किंगच्या डक्टमध्ये, वरून दुसरा. उद्या सहाला बादली भरून ठेवू का? कचरेवाल्या ताई ८.३० ला येतात, ओला-सुका वेगळा, खोकी सपाट करून द्या. मी सकाळी १० पर्यंत आणि संध्याकाळी ६ नंतर घरी असते. शनिवारी मंडईत जाते, यादी दिलीत तर भाजी आणीन. फोन नंबर मागे लिहिला आहे.’

बादलीला ‘नको’ आलं, भाजीची यादी मात्र आली. आणि त्यानंतरच्या शुक्रवारी सव्वानऊला फोन: “काकू, मी बसमध्ये आहे. डावीकडचा नळ बंद केला की नाही, आठवतच नाहीये.” मी खाली जाऊन वरून दुसरा कॉक फिरवला आणि परत येऊन पोळ्यांना लागले.