कपाटाचे काम देताना या चुका टाळा: सुताराचे ड्रॉइंग आणि कोटेशन कसे वाचावे

बेडरूममधील भिंतीचे कपाट करून घेताना बहुतेक लोक ड्रॉइंगचे समोरचे चित्र पाहतात, कोटेशनमधील चौरस फुटाचा दर पाहतात आणि होकार देऊन मोकळे होतात. पुढच्या कटकटींचे मूळ बहुधा या दोनच ठिकाणी असते, म्हणून तेवढ्यापुरतेच सविस्तर लिहितो.

पहिली चूक म्हणजे फक्त एलेव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारे चित्र, पाहून ड्रॉइंगवर सही करणे. या चित्रात रुंदी आणि उंची कळते, खोली कळत नाही. तिच्यासाठी सेक्शन, म्हणजे कपाट उभे कापल्यावर बाजूने जसे दिसेल ते चित्र, मागून घ्यावे लागते. आमच्या घरी सरकत्या दारांचे कपाट केले, तेव्हा ड्रॉइंगवर खोली ६०० मिमी लिहिलेली होती आणि ती आम्हाला पुरेशी वाटली. प्रत्यक्षात ते बाहेरून बाहेरचे माप होते. एकामागे एक सरकणारी दोन दारे आणि त्यांचे ट्रॅक यांत सुमारे ९० मिमी गेले, मागच्या ६ मिमी प्लायने आणखी थोडे खाल्ले, आणि आत जेमतेम ५०० मिमी उरले. हँगरला लावलेल्या कोटाचा खांदा दाराला घासतो आणि बाही दारात अडकते, हे कपडे लावायला घेतल्यावर कळले; तोवर कपाट भिंतीला पक्के बसले होते. हँगर आडवे टांगायचे असतील तर आतली मोकळी खोली किमान ५५० मिमी हवी. बिजागरीच्या दारांना बाहेरून ६०० मिमी चालते, कारण तिथे एकाच दाराची जाडी वजा होते. सरकत्या दारांना मात्र ६५० मिमी धरावे. म्हणून मिस्त्रींना एकच प्रश्न विचारावा, "हे माप बाहेरचे की आतले मोकळे?", आणि उत्तर ड्रॉइंगवरच लिहून घ्यावे.

त्याच चित्रात दारांवर तिरक्या तुटक रेषा काढलेल्या असतात. जिथे त्या एकत्र येऊन टोक होते ती बहुधा बिजागरीची बाजू असते, पण सगळेच ही खूण एकाच अर्थाने काढत नाहीत. दार पलंगावर आपटू नये असे वाटत असेल तर ते कुठल्या बाजूला उघडणार हे शब्दांत लिहून घेणे बरे. मापांचे एककही एकच ठेवावे. सुतार सूत धरून बोलतो, आठ सुतांचा एक इंच. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असते आणि आपण फुटांत विचार करतो. या भाषांतरात अर्धा इंच सहज हरवतो.

दुसरी चूक दराला किंमत समजण्याची. समजा कपाट ७ फूट रुंद आणि ७ फूट उंच आहे आणि त्यावर २ फुटांचा लॉफ्ट आहे. म्हणजे समोरचे क्षेत्रफळ ४९ अधिक १४, एकूण ६३ चौरस फूट. (पुढचे दर केवळ हिशेब दाखवण्यासाठी घेतले आहेत.) पहिला सुतार सरसकट १४०० रुपये सांगतो, म्हणजे ८८,२०० रुपये. दुसरा कपाटाला १६५० आणि लॉफ्टला १२०० सांगतो, म्हणजे ८०,८५० अधिक १६,८००, एकूण ९७,६५०. पहिला ९,४५० रुपयांनी स्वस्त दिसतो. पण त्याच्या कोटेशनच्या तळाशी चार ड्रॉवर प्रत्येकी २,५०० आणि आतील लॅमिनेट ७,००० वेगळे लिहिले आहे. दुसऱ्याने दोन्ही दरातच धरले आहे. आता पहिल्याचे १,०५,२०० झाले आणि तो ७,५५० रुपयांनी महाग ठरला. शिवाय आत ना ड्रॉवर, ना फारशा फळ्या अशा लॉफ्टलाही त्याने कपाटाचाच दर लावला आहे. म्हणून दोघांनाही एकच ड्रॉइंग आणि एकच यादी द्यावी: ड्रॉवर किती, आतून लॅमिनेट की नाही, बिजागऱ्या आणि चॅनेल कुठल्या कंपनीचे, लॉफ्टचा दर काय, कर धरला आहे की नाही.

प्लायबाबत "१८ एमएम, चांगल्या कंपनीची" एवढेच लिहिलेले कोटेशन स्वीकारू नये. आयएस ३०३ ही सर्वसाधारण वापराची प्लाय आणि आयएस ७१० ही मरीन प्लाय. कोरड्या बेडरूममध्ये पहिली चालते, पण बाथरूमच्या ओल येणाऱ्या भिंतीला टेकणाऱ्या कपाटाला दुसरीच घ्यावी, आणि ती ओल आधी दुरुस्त करून घ्यावी. नुसता "७१०" हा आकडा छापलेला पाहून विसंबू नये. आयएसआय खुणेसोबत CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो BIS Care या ॲपवर तपासता येतो. ही तपासणी माल घरी उतरल्याबरोबर, पहिली शीट कापण्याआधी करावी, कारण लॅमिनेट चढल्यावर शिक्का दिसत नाही. मालाच्या हप्त्याची रक्कमही याच तपासणीनंतर द्यायची, असे कोटेशनमध्येच लिहून घ्यावे.