छातीत गाठ आणि १०२ ताप: माझा अनुभव

बाळ तीन आठवड्यांचं होतं. पहाटे हुडहुडी भरली, ताप १०२. डावी छाती दगडासारखी, बाहेरच्या बाजूला लाल चट्टा. ब्लाउज टेकला तरी कळ यायची. सासूबाई म्हणाल्या, "त्या बाजूचं पाजू नकोस, दूध बाधेल." मी गरम शेक देऊन गाठ जोरात चोळली, पंपाने सगळं दूध काढलं. सूज आणखी वाढली.

डॉक्टरांनी समजावलं की ही आतली सूज आहे. चोळल्याने ती वाढते, जास्त काढल्याने दूध जास्त बनतं. त्या बाजूचं दूध बाळाला बाधत नाही. भूक लागेल तसं दोन्हीकडे पाजायचं, एवढंच. पाजून झालं की फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. त्यांनी आयब्युप्रोफेनही दिलं, ते पाजताना चालतं.

"चोवीस तासांत उतार नाही पडला तर अँटिबायोटिक," असं त्यांनी सांगितलं होतं. माझा ताप दुसऱ्या दिवशीही उतरला नाही, म्हणून सेफालेक्सिन दहा दिवस घेतलं, पाजणं चालू ठेवूनच. तिसऱ्या दिवशी चट्टा फिकट झाला. गाठ तशीच राहिली असती तर पू झालाय का ते पाहायला सोनोग्राफी ठरली होती.