व्हिसाचे पैसे भरले, पण सरकारी साइटवर अर्जच सापडेना: माझा अनुभव

ई-व्हिसाचे पैसे कार्डवरून गेले, पावतीही आली. पण सरकारी साइटवर अर्ज क्रमांक टाकला की 'नोंद नाही'. नंतर पाहिलं तर पैसे घेणारी साइट सरकारी नव्हे, खासगी मध्यस्थाची होती आणि घेतलेली रक्कम अधिकृत शुल्काच्या जवळजवळ तिप्पट होती.

त्या मध्यस्थ साइटला मेल केला, उत्तर आलं, 'सेवाशुल्क परत मिळत नाही.' बँकेने 'फसवणूक' ही तक्रार फेटाळली, कारण ओटीपी मीच टाकला होता. फार मनस्ताप झाला.

पैसे परत मिळाले ते असे. आधी त्या साइटचं पान, पावती, अधिकृत शुल्क आणि 'नोंद नाही' यांचे स्क्रीनशॉट घेतले. मग बँकेकडे लेखी चार्जबॅक, म्हणजे कार्डवरून गेलेले पैसे बँकेमार्फत परत, मागितला आणि कारण बदललं: 'सेवा मिळाली नाही'. याला मुदत असते, उशीर करू नका. मध्यस्थाने अर्ज खरोखर पुढे पाठवला असेल, तर मात्र हे कारण टिकत नाही.

नवा अर्ज करताना आधी पत्ता नीट वाचला. `https://` नंतर येणाऱ्या पहिल्या `/` च्या लगेच आधी मालकाचं नाव असतं. `https://gov.visa.example.com/apply` मध्ये मालक `example.com`. सुरुवातीचं `gov` कुणीही लावू शकतो.