सोयाबीन पिवळं पडलं की लगेच युरिया टाकताय? आधी मुळाची गाठ फोडून बघा

महिन्याभराचं सोयाबीन पिवळं दिसायला लागलं की आपला हात पहिला युरियाच्या गोणीकडे जातो. मीपण तेच केलंय. एका वर्षी एकरी एक गोणी टाकली, म्हणजे जवळपास 20 किलो नत्र, शेत आठ-दहा दिवसांत हिरवंगार झालं आणि मी खूश. नंतर झाड काढून बघितलं तर मुळावर पाच-सहाच गाठी, त्यापण बारीक. आयतं नत्र मिळायला लागलं की झाड गाठीतल्या जिवाणूंना साखर पुरवायला हात आखडतं, मग हवेतलं नत्र कोण धरणार? पेरणीसोबतचा शिफारशीतला थोडा डोस ठीक आहे, नंतर सवयीने टाकू नका.

बघायचं कसं, तर झाड उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. फावड्याने ढेकळासकट काढा, बादलीभर पाण्यात भिजवा, मग नखाने गाठ फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर काम चालू आहे, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंदच म्हणा. फुलोरा जवळ आला तरी पांढरीच असेल तर गाठ नुसती बसून खातेय. आणि पिवळेपणा कोवळ्या पानांवर असेल, शिरा मात्र हिरव्या, तर ती बहुतेक लोहाची कमतरता, चुनखडीच्या जमिनीत हमखास दिसते, तिथे नत्राचा संबंधच नाही. नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात.

गाठीच नसतील तर चूक बहुतेक बीजप्रक्रियेत असते. वेळ वाचवायला बुरशीनाशक आणि रायझोबियम एकत्र कालवलं तर जिवाणू तिथेच मरतात. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, बियाणं सुकल्यावर शेवटी कल्चर, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यातून हलक्या हाताने, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी. पाकिटावर पीक वाचा, हरभऱ्याचं उरलेलं कल्चर सोयाबीनला चालत नाही, प्रत्येकाचा जिवाणू वेगळा. तारीख संपलेलं आणि उन्हात पडलेलं पाकीट तर घेऊच नका.

आता पाणी साचलेल्या शेताचं. गाठीला हवा लागते, दोन-चार दिवस पाणी तुंबलं की काम थंडावतं आणि झाड पिवळं पडतं. तिथे युरिया टाकणं म्हणजे पैसे हवेत सोडणं, कारण वापशात एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि पुन्हा पाणी साचलं की दुसरे जिवाणू त्या नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून नत्र वायूच्या रूपात उडवून लावतात. आधी चर काढा, वापसा येऊ द्या, मग आठवड्याने परत गाठ फोडून बघा.

शेंगा भरताना गाठी हिरवट-तपकिरी झालेल्या दिसल्या तर घाबरू नका, तेव्हा त्या म्हाताऱ्याच होत असतात.