सोमवारी कामावर नसणाऱ्यांची रजा

मालाडच्या ऑफिसात मी इंग्लंडमधल्या कंपन्यांचा पेरोल बघते. या कामात नवीन येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी माझी 2025 सालची एक चूक दाखवते.

एक कर्मचारी मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस काम करायची. तिच्या कंपनीत फुल-टाइमवाल्यांना 25 दिवस रजा आणि वर 8 बँक हॉलिडे, म्हणजे तिथल्या सार्वजनिक सुट्ट्या, असे एकूण 33 दिवस. मी 25 चे तीन-पंचमांश काढून तिच्या नावावर 15 दिवस टाकले. बँक हॉलिडे तिच्या कामाच्या दिवशी आला तर मिळेल, असं धरलं. सिस्टिमने काही हरकत घेतली नाही.

मार्चमध्ये तिची मेल आली: माझ्या सुट्ट्या कमी का? टीम लीड माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "कॅलेंडर उघड आणि तिच्या वाट्याला किती येतात ते मोज."

त्या वर्षीच्या आठांपैकी चार बँक हॉलिडे सोमवारी होते आणि दोन शुक्रवारी. तिच्या दिवसांत फक्त 1 जानेवारी आणि 25 डिसेंबर येत होते. म्हणजे एकूण 17 दिवस. 33 च्या प्रमाणात तिचे 19.8 व्हायला हवे होते. जवळजवळ तीन दिवस, तिच्यासाठी अख्खा एक आठवडा, माझ्यामुळे बुडत होता.

सिस्टिम गप्प का राहिली? तिथल्या कायद्याने किमान रजा 5.6 आठवडे, म्हणजे तिच्यासाठी 16.8 दिवस. 17 त्याहून जास्त, म्हणून हिरवी खूण. पण 2000 सालचे पार्ट-टाइम कर्मचाऱ्यांचे नियम वेगळं विचारतात: तसंच काम करणाऱ्या, त्याच मालकाकडच्या फुल-टाइम माणसापेक्षा हिला प्रमाणात कमी मिळतंय का? किमान भरलं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. कर्मचाऱ्याने लेखी कारण मागितलं तर मालकाला 21 दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं.

आता मी दिवसांऐवजी तासांत मोजते. दिवसाचे साडेसात तास धरून फुल-टाइमचे 247.5 तास, आठवड्याच्या 37.5 पैकी 22.5 तास काम करणाऱ्या तिचे 148.5. बँक हॉलिडे तिच्या कामाच्या दिवशी आला की त्यातूनच साडेसात तास वजा. असं केलं की 19.8 चे 19 करायचा मोहही होत नाही. अपूर्णांक कापला की तिचं नुकसान होतं.

मात्र प्रत्येक तफावत बेकायदा नसते. 2007 मध्ये स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयात सोमवारी काम नसलेल्या एका पार्ट-टाइम कर्मचाऱ्याचा दावा टिकला नाही. ते ऑफिस आठवडाभर चालायचं, आणि सोमवारी काम नसलेल्या फुल-टाइमवाल्यालाही ती सुट्टी मिळाली नसती. तोटा पार्ट-टाइम असल्यामुळे झाला, की सोमवारी काम नसल्यामुळे, हे तिथे निर्णायक ठरलं. आमच्या कंपनीत सगळे फुल-टाइमवाले सोमवार ते शुक्रवार, त्यामुळे ही पळवाट आम्हाला नव्हती.

तिचा हिशेब त्याच दिवशी दुरुस्त केला. मग सोमवार नसलेले सगळे रेकॉर्ड काढले, तर तशीच आणखी तिघं निघाली.