पहिल्या नोकरीच्या मुलाखतीवरचा व्हिडिओ: शीर्षक आणि वर्णन कसं लिहावं?

समजा, तुम्ही बारा मिनिटांचा व्हिडिओ केला आहे. परभणीत बी.कॉम. झालेली मुलगी पुण्यात पहिली नोकरी शोधते आहे आणि ‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावं, हे तिला सांगायचं आहे.

आधी यूट्यूबच्या सर्चमध्ये `interview marathi` टाइप करून खाली काय सुचवलं जातं ते पाहा. आपली बरीच मुलं मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. म्हणून शीर्षक देवनागरीत ठेवा आणि वर्णनात एक सरळ वाक्य रोमन लिपीत घाला.

आता शीर्षक. मर्यादा १०० अक्षरांची असली तरी मोबाइलवर शेवट कापला जातो, त्यामुळे महत्त्वाचे शब्द सुरुवातीलाच हवेत. ‘मुलाखतीची संपूर्ण तयारी | यशाचा मंत्र | नक्की बघा’ यातून आत काय आहे ते कळत नाही. त्यापेक्षा असं लिहा: ‘स्वतःबद्दल सांगा: अनुभव नसताना मुलाखतीत काय बोलावं?’ तिच्या मनातला नेमका प्रश्न इथे आला.

‘गावाकडच्या मुलांसाठी’ किंवा ‘इंग्रजी येत नाही?’ असं शीर्षकात घालू नका, असं माझं ठाम मत आहे. हॉस्टेलवर शेजारी मैत्रीण बसलेली असताना असा व्हिडिओ कोण उघडेल? तिची अडचण लिहा, तिच्यावर शिक्का मारू नका. ‘१००% नोकरी’ तर कधीच नको. ते खोटं आहे, आणि दिशाभूल करणारी शीर्षकं यूट्यूबच्या नियमांतही बसत नाहीत.

वर्णनाच्या पहिल्या दोन ओळीच आधी दिसतात, बाकीचं उघडावं लागतं. तिथे चॅनेलची ओळख किंवा ‘सबस्क्राइब करा’ नको. व्हिडिओ कोणासाठी आहे आणि त्यातून काय हाती लागेल, तेवढंच सांगा. त्याखाली वेळेचे टप्पे द्या:

```
बी.कॉम., बी.ए., बी.एस्सी. झालात आणि ही पहिलीच मुलाखत आहे?
अनुभव नसताना दीड मिनिटाचं उत्तर कसं बांधायचं, ते नमुन्यासह.

0:00 हा प्रश्न का विचारतात
1:40 उत्तराचे तीन भाग
5:10 बी.कॉम. फ्रेशरचं नमुना उत्तर
9:20 मध्येच अडखळलात तर

Fresher sathi interview tips Marathi madhe.
```

पहिला टप्पा 0:00 हवाच, किमान तीन टप्पे हवेत आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा हवा. नाहीतर व्हिडिओचे भाग पडत नाहीत.

आठवड्याभराने यूट्यूब स्टुडिओमधले आकडे बघा. व्हिडिओ लोकांना दिसतोय पण क्लिक कमी होत असतील, तर शीर्षक किंवा थंबनेल बदला, पण दोन्ही एकदम नको. कशाने फरक पडला ते कळणार नाही. क्लिक होऊनही लोक अर्ध्या मिनिटात निघून जात असतील, तर शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर फार उशिरा येतंय. अशा वेळी शीर्षकाला हात लावू नका, व्हिडिओची सुरुवात कापा आणि वेळेचे टप्पे नव्याने टाका.